भिडू बदलले, पण समोर दरवेळी तोच माणूस! आठ जणांच्या डबल्सचा तक्ता नेमका कसा बसवायचा

आमचा रविवार सकाळचा बॅडमिंटनचा ग्रुप आहे, सांगलीत विश्रामबागकडं, दोन कोर्टांचा हॉल, सव्वासहा ते सव्वाआठ बुकिंग. माणसं आठ. दोन कोर्टं, आठ माणसं, म्हणजे हिशोब कसा सरळ, कुणी बाहेर बसायचं नाही, सगळे खेळणार. ठरलेलं एवढंच की दर राउंडला भिडू बदलायचा, म्हणजे एकाच जोडीनं सगळ्यांना धुवायचं नाही आणि नवीन माणूस कोपऱ्यात पडायचा नाही.

आमच्यातले एक काका बुद्धिबळवाले. सांगलीत बुद्धिबळवाला माणूस प्रत्येक ग्रुपात एक तरी सापडतोच. त्यांनी बुद्धिबळाच्या लीगसाठी वापरतात त्या पद्धतीनं सात राउंडचा तक्ता करून आणला. छान चालला, प्रत्येकाला सातही भिडू मिळाले, एकही जोडी दोनदा लागली नाही. आणि तरी चौथ्या रविवारी मेस चालवणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "ओ काका, मला त्या डॉक्टरांच्या स्मॅशसमोरच का उभं करताय दरवेळी? आणि सरांच्या विरुद्ध तर मी आजवर एकदाही खेळले नाही."

सगळे हसले, काका जरा दुखावले, म्हणाले योगायोग असेल. मी घरी जाऊन तक्ता मांडून बघितला तर वहिनींचं शंभर टक्के बरोबर होतं. सात राउंडमध्ये त्या डॉक्टरांच्या विरुद्ध चार वेळा आल्या होत्या आणि सरांच्या विरुद्ध शून्य वेळा. योगायोग वगैरे काही नव्हता, तक्त्यातच ते लिहिलेलं होतं. ही चूक जवळजवळ प्रत्येक क्लबात होते म्हणून हे सगळं नीट सांगायला बसलोय.

## आधी साधा हिशोब

डबल्सच्या एका गेममध्ये तुमचा एक भिडू असतो आणि समोर दोघं. ह्या दोघांना आपण "समोरचे" म्हणू. म्हणजे दर राउंडला तुम्हाला भिडू मिळतो एक, समोरचे मिळतात दोन.

आठ जणांत तुमच्याशिवाय उरले सात. प्रत्येकाबरोबर एकदा भिडू व्हायचं तर सात राउंड लागणार. त्या सात राउंडमध्ये समोरचे किती झाले? सात दुणे चौदा. चौदा जागा आणि माणसं सात, म्हणजे सारखं वाटायचं तर प्रत्येक जण तुमच्यासमोर बरोबर दोनदा यायला पाहिजे. चार वेळा नाही आणि शून्य वेळाही नाही.

म्हणजे चांगल्या तक्त्याची अट एका वाक्यात अशी की प्रत्येक जण प्रत्येकाचा एकदा भिडू आणि दोनदा समोरचा. काकांच्या तक्त्यात पहिला अर्धा भाग बरोबर होता, दुसऱ्याकडं कुणी बघितलंच नव्हतं. त्यात त्यांचा दोष नाही, बुद्धिबळात "कोण कोणाशी" एवढा एकच प्रश्न असतो, डबल्समध्ये प्रश्न दोन असतात आणि दुसरा प्रश्न आपोआप सुटत नाही.

## मग चिठ्ठ्या टाकल्या तर काय बिघडतं?

हे पहिलं सगळ्यांच्या डोक्यात येतं. दर राउंडला चिठ्ठ्या उचला, नशिबात जो येईल तो भिडू, कुणाची तक्रार नको.

बघा, एका राउंडला एखादा ठराविक माणूस तुमचा भिडू न होण्याची शक्यता सातात सहा. सात राउंड सलग तो न येण्याची शक्यता म्हणजे सहा सप्तमांश सात वेळा गुणायचं, उत्तर येतं साधारण ०.३४. म्हणजे सात राउंड खेळूनसुद्धा ग्रुपातल्या साधारण एक तृतीयांश लोकांशी तुमची जोडी लागलेलीच नसणार, सरासरी सातातले दोन ते तीन जण. आणि त्यांच्या जागी दुसरं कोणीतरी दोनदा तीनदा आलेलं असणार. चिठ्ठी कुणाची बाजू घेत नाही हे खरं आहे पण चिठ्ठीला मागचा राउंड आठवत नाही, त्यामुळं ती पुन्हापुन्हा तेच काढते.

"जिंकले ते वरच्या कोर्टावर, हरले ते खालच्या" ही पद्धत तर ह्या कामाला उपयोगीच नाही. त्यात बरोबरीचे लोक एकत्र येतात, गेम चुरशीचे होतात, पण तासाभरात एका कोर्टावर चांगले चार आणि दुसऱ्यावर उरलेले चार असं कायमचं होऊन बसतं. ज्यांना तेच पाहिजे त्यांनी खुशाल करावं.

## काकांच्या तक्त्यात नेमकं काय चुकलं

आता खरी मजा इथं आहे, जरा सावकाश वाचा, कागद-पेन घेतलात तर अजून चांगलं.

लहानपणी "मामाचं पत्र हरवलं" खेळताना गोल करून बसायचो ना, तसं सात जणांना गोल बसवा आणि त्यांना १ ते ७ नंबर द्या. आठव्याला गोलाच्या मधे बसवा. मधला जागचा हलत नाही. बाकीचे सात जण दर राउंडला एकेक जागा पुढं सरकतात, म्हणजे १ च्या ठिकाणी २ येतो, २ च्या ठिकाणी ३, आणि ७ च्या ठिकाणी परत १. मधला ८ तसाच.

पहिल्या राउंडची मांडणी एकदा ठरवायची, मग पुढचे सहा राउंड नुसत्या सरकण्यानं तयार होतात. म्हणजे हे रांगोळीच्या छापासारखं आहे. छाप एकच, सात वेळा उठवायचा. छापात एक भोक बुजलेलं असेल तर सातही रांगोळ्यांत तो ठिपका गायब असणार.

आता गोलात बसलेल्या कोणत्याही दोघांमधलं अंतर मोजा, जवळच्या बाजूनं. शेजारी असले तर १, एक सोडून बसले तर २, दोन सोडून असले तर ३. त्याच्यापुढं अंतरच नाही, कारण चार जागा लांब गेलात की उलट्या बाजूनं ते तीनच भरतं. ७ आणि १ शेजारी आहेत हे विसरायचं नाही, गोल आहे तो.

आणि सगळे एकदम सरकतात म्हणून कुणाचंही कुणापासूनचं अंतर बदलत नाही. पहिल्या राउंडला अंतर २ वरची एक जोडी भिडू म्हणून लावली, तर सात राउंडमध्ये गोलातल्या अंतर २ वरच्या सातही जोड्या एकेकदा भिडू होऊन जातात. तेव्हा सगळ्या जोड्या लागायच्या असतील तर पहिल्या राउंडच्या भिडूंमध्ये अंतर १, अंतर २ आणि अंतर ३ एकेकदाच आलं पाहिजे. मधल्या आठव्याचा जो भिडू असेल तो आपोआप बदलत जातो, त्याची काळजी नाही.

तोच नियम समोरच्यांना. पहिल्या राउंडमध्ये दोन कोर्टांवर मिळून समोरासमोरच्या जोड्या आठ होतात, एका कोर्टावर चार. त्यातल्या दोन ह्या मधल्या आठव्याच्या. उरल्या सहा. त्या सहांत अंतर १ दोनदा, २ दोनदा, ३ दोनदा असं पडायला पाहिजे.

काकांचा पहिला राउंड असा होता, बुद्धिबळात गोल मधून दुमडतात तसा:

कोर्ट एक: ८ आणि १ विरुद्ध २ आणि ७
कोर्ट दोन: ३ आणि ६ विरुद्ध ४ आणि ५

भिडू बघा. २-७ अंतर २, ३-६ अंतर ३, ४-५ अंतर १. तिन्ही एकेकदा, म्हणून भिडूंचं काम चोख झालं. आता समोरचे मोजा. १ समोर २, अंतर १. १ समोर ७, अंतर १. ३ समोर ४, परत १. ३ समोर ५, अंतर २. ६ समोर ४, अंतर २. ६ समोर ५, अंतर १. म्हणजे अंतर १ चार वेळा, २ दोन वेळा आणि ३ एकदाही नाही.

छापातच अंतर ३ नाही, मग सात वेळा उठवला तरी कुठून येणार? गोलातला प्रत्येक माणूस आपल्या दोन्ही शेजाऱ्यांच्या विरुद्ध चार-चार वेळा खेळला आणि तीन जागा लांबच्या दोघांच्या विरुद्ध कधीच नाही. वहिनी १ नंबर होत्या, डॉक्टर २ नंबर, सर ४ नंबर. झालं, तक्रार पूर्ण सिद्ध. आणि डॉक्टरांनी काही म्हटलं नव्हतं पण त्यांचीही तीच गत होती, तेही दर खेपेला वहिनी आणि ३ नंबरच्या विरुद्ध. फक्त ८ नंबरचा माणूस खूश होता, कारण मधे बसलेल्याला सगळे सारखेच येतात, आणि ८ नंबर काकांचाच होता त्यामुळं त्यांना काही जाणवलंच नाही.

## दुरुस्ती: पहिला राउंड बदला, बाकी काही नको

सरकण्याची पद्धत तीच ठेवायची, नुसता छाप बदलायचा. हा घ्या:

कोर्ट एक: ८ आणि १ विरुद्ध २ आणि ४
कोर्ट दोन: ३ आणि ७ विरुद्ध ५ आणि ६

भिडू मोजा: २-४ अंतर २, ३-७ अंतर ३, ५-६ अंतर १. बरोबर. समोरचे: १-२ अंतर १, १-४ अंतर ३, ३-५ अंतर २, ३-६ अंतर ३, ७-५ अंतर २, ७-६ अंतर १. एक दोनदा, दोन दोनदा, तीन दोनदा. जमलं!

आता सरकवत जायचं, पूर्ण तक्ता असा येतो. प्रत्येक ओळीत आधी पहिलं कोर्ट, मग दुसरं:

राउंड १: ८-१ विरुद्ध २-४, ३-७ विरुद्ध ५-६
राउंड २: ८-२ विरुद्ध ३-५, ४-१ विरुद्ध ६-७
राउंड ३: ८-३ विरुद्ध ४-६, ५-२ विरुद्ध ७-१
राउंड ४: ८-४ विरुद्ध ५-७, ६-३ विरुद्ध १-२
राउंड ५: ८-५ विरुद्ध ६-१, ७-४ विरुद्ध २-३
राउंड ६: ८-६ विरुद्ध ७-२, १-५ विरुद्ध ३-४
राउंड ७: ८-७ विरुद्ध १-३, २-६ विरुद्ध ४-५

हा तसाच उतरवून हॉलच्या भिंतीला चिकटवा, चालेल. शीटमध्ये करायचा असेल तर पहिल्या राउंडचे आठ नंबर दुसऱ्या ओळीत टाका आणि खालच्या ओळीत हे सूत्र देऊन ओढत न्या:

```
=IF(A2=8,8,MOD(A2,7)+1)
```

कुणीही दिलेला कुठलाही तक्ता बरोबर आहे का हे तपासायचं असेल तर आठ बाय आठचा चौकोन आखा, भिडू झाले की त्या घरात बरोबरची खूण, समोर आले की फुली. शेवटी प्रत्येक घरात एक खूण आणि दोन फुल्या पाहिजेत. पाच मिनिटांचं काम आहे. मी हे वहिनींसमोरच केलं, काकांचा जुना तक्ता आणि हा नवीन शेजारी शेजारी. जुन्यात एका घरात चार फुल्या आणि दुसरं घर फुल्यांविना रिकामं बघून काका स्वतःच म्हणाले, हे भरलं पाहिजे.

ही कल्पना माझी नाही हं, फार जुनी आहे. व्हिस्ट नावाचा पत्त्यांचा खेळ होता, आजच्या ब्रिजचा पूर्वज, त्यातही दोन विरुद्ध दोन असंच बसतात, त्यामुळं असल्या तक्त्यांना व्हिस्ट टूर्नामेंट म्हणतात. ई. एच. मूर ह्या अमेरिकन गणितज्ञानं १८९६ मध्ये त्यावर लिहिलं, आणि कोणकोणत्या संख्येला असा तक्ता नक्की बनतो हे १९७० च्या दशकात पूर्ण सिद्ध झालं. उत्तर सोपं आहे, माणसांची संख्या चारानं भागली जात असेल किंवा भागून एक उरत असेल तर बनतोच. ४, ५, ८, ९, १२, १३ असं पुढं. एक उरत असेल तिथं दर राउंडला एकजण बसतो आणि प्रत्येकाची बसायची पाळी बरोबर एकदा येते.

पाच जणांचा लगेच सांगतो, एका कोर्टासाठी उपयोगी पडतो: पहिल्या राउंडला ५ बसणार, १-४ विरुद्ध २-३. मग पाचही जण सरकवायचे, इथं मधे कुणी नाही.

## सहा किंवा सात जण आले तर?

हे रोजचं दुखणं. पावसाळ्यात तर आठ जमणं म्हणजे भाग्य.

सहा जणांना परिपूर्ण तक्ता बनतच नाही, आणि का बनत नाही हे एका ओळीत कळतं. सहा जणांत एकूण जोड्या पंधरा. एका गेममध्ये दोन जोड्या वापरल्या जातात, एक ह्या बाजूला एक त्या बाजूला. दोन-दोन करत पंधरा कधी संपणार? विषम आहे, एक उरणारच. सातांत जोड्या एकवीस, तेही विषम. दहांत पंचेचाळीस, अकरांत पंचावन्न, सगळीकडं तेच. म्हणून कुणी म्हटलं की आमच्या सहा जणांत सगळे सगळ्यांचे बरोबर एकदा भिडू होतात, तर त्यांनी मोजलेलं नाही एवढंच.

पण सात जण आले तर एक फार चांगला मार्ग आहे, आम्ही आता तोच वापरतो. आठांचाच तक्ता घ्यायचा आणि न आलेल्याचा नंबर रिकामा ठेवायचा. समजा ८ आला नाही. पहिल्या राउंडला ८-१ विरुद्ध २-४ होतं. रिकाम्या नंबरचा भिडू म्हणजे १, तो बसेल, आणि समोरचे २ आणि ४ एकमेकांशी सिंगल्स खेळतील. दुसऱ्या कोर्टावर डबल्स जशीच्या तशी.

ह्यात गंमत अशी की मूळ तक्ता समतोल आहे म्हणून हेही आपोआप समतोल होतं. रिकामा नंबर प्रत्येकाचा एकदाच भिडू असतो, म्हणून प्रत्येकजण बरोबर एकदा बसतो. तो प्रत्येकाच्या समोर दोनदा येतो, म्हणून प्रत्येकाला बरोबर दोन सिंगल्स मिळतात. उरलेल्या चार राउंडला डबल्स, चार वेगळ्या भिडूंबरोबर. कुणाला जास्त विश्रांती नाही, कुणाला कमी खेळ नाही. रिकामा नंबर कुठलाही असला तरी हेच होतं, ८ च पाहिजे असं नाही. आणि आठवा माणूस अर्ध्या तासानं घाम पुसत आला तर सरळ आपल्या रिकाम्या नंबरात घुसतो, तक्ता बदलावा लागत नाही.

सिंगल्स खेळून दम लागतो ही तक्रार खरी आहे, आमच्यातल्या साठीच्या पुढच्या दोघांना ती झेपत नाही. मग त्या राउंडला अर्धं कोर्ट, नुसती एकच बाजू, असं करतो.

## वेळ कमी पडतो, सात राउंड होतच नाहीत

आमच्याकडं दोन तासांत सात राउंड जेमतेम बसतात, आणि वॉर्मअपला वेळ गेला की पाचच होतात. मग तक्ता अर्धवट राहतो, आणि आमच्या इंजिनिअरिंगच्या पोरानं विचारलं, अर्धवट तक्ता म्हणजे परत अन्यायच ना?

थोडा असतो पण फार नाही. बघा, कुठलेही दोघं पूर्ण तक्त्यात तीन राउंडला एकाच कोर्टावर असतात, एकदा भिडू आणि दोनदा समोरासमोर. शेवटचे दोन राउंड कापले तरी त्या तीनपैकी किमान एक राउंड उरतोच. म्हणजे पाच राउंडमध्येसुद्धा प्रत्येकजण प्रत्येकाबरोबर कोर्टावर आलेला असतो, भिडू कुठलाही दोनदा नाही आणि समोरचा कुठलाही दोनपेक्षा जास्त वेळा नाही. जुन्या तक्त्यात ही खात्री नव्हती. राउंडचा क्रमही कसाही फिरवता येतो, त्यामुळं उरलेले दोन राउंड पुढच्या रविवारी आधी खेळायचे आणि मग नवीन सुरू करायचा.

वेळेचा खरा चोर मात्र दुसराच आहे. एका कोर्टावर २१-६ होऊन सगळे पाणी पीत बसलेत आणि दुसऱ्यावर २०-२० नंतर दोनचा फरक काही पडेना, ते ३० पर्यंत जाणार. दर राउंडला पाच-सहा मिनिटं अशी जातात. त्यावर उपाय म्हणजे जिंकायचे पॉइंट न ठरवता एकूण पॉइंट ठरवायचे, उदाहरणार्थ दोन्ही बाजूंचे मिळून ३२. १९-१३ झालं, संपलं. १६-१६ झालं तरी संपलं. दोन्ही कोर्टं जवळपास एकाच वेळी मोकळी होतात. पॅडेल खेळणाऱ्यांमध्ये अमेरिकानो म्हणून जो प्रकार चालतो तो हाच, भिडू बदलत राहायचं आणि पॉइंट ज्याचे त्याच्या नावावर.

कारण भिडू बदलतोय म्हटल्यावर जोडी जिंकली ह्याला अर्थ राहत नाही, हिशोब माणसाचा ठेवायला लागतो. १९-१३ असेल तर जिंकलेल्या दोघांच्या नावावर एकोणीस-एकोणीस, हरलेल्यांच्या नावावर तेरा-तेरा. सात राउंडची बेरीज म्हणजे तुमचा आकडा. एकूण ३२ ठरलेले असल्यामुळं कुणाला लांबलेल्या गेमचा फुकटचा फायदा मिळत नाही, ३०-२९ सारखा गेम झाला की हरलेलासुद्धा दुसऱ्या कोर्टावर २१ वर जिंकलेल्यापेक्षा जास्त पॉइंट घेऊन जातो, तो घोळ होत नाही.

## चांगले दोघं एकत्र आले की गेम एकतर्फी होतो त्याचं काय?

होतो. सगळ्यांनी सगळ्यांचं भिडू व्हायचं ठरवलं तर सगळ्यात चांगले दोघंही कधीतरी एकत्र येणारच, त्यातून सुटका नाही. पण चौदा गेममध्ये तसा गेम एकच असतो, आणि त्याची धार कमी करता येते, नुसतं कुणाला कुठला नंबर द्यायचा ते विचार करून.

पहिला राउंड परत बघा. ८ आणि १ एकत्र आहेत, समोर २ आणि ४. चांगले दोघं ८ आणि १ झाले आणि नवशिके दोघं २ आणि ४ झाले तर तो गेम बघवणार नाही, नवशिका दुसऱ्या रविवारी येणारच नाही. तेच नवशिक्यांना ३ आणि ७ दिले तर त्या राउंडला ते दुसऱ्या कोर्टावर, मधल्या ताकदीच्या ५ आणि ६ च्या समोर असतात, आणि चांगल्या दोघांसमोर २ आणि ४ म्हणजे मधलेच. दोन्ही गेम थोडे कलतील पण लाज काढणारे होणार नाहीत. तक्ता तोच, नुसते नंबर हुशारीनं वाटायचे. दर महिन्याला सगळ्यांचे नंबर चिठ्ठ्या टाकून बदलायचे म्हणत असाल तर ही चार नंबरांची एवढी काळजी घ्या, बाकी चार चिठ्ठ्यांवर सोडा.

अजून एक बारीक गोष्ट जी आमच्या लक्षात तिसऱ्या आठवड्यात आली. तक्ता लिहिताना ८ नंबर कायम पहिल्या कोर्टावर येतो. आमच्या हॉलात पहिलं कोर्ट शटरच्या बाजूला आहे, वारं येतं, टॉस मारलेलं शटल दोन फूट बाजूला जातं. काका सात राउंड त्याच कोर्टावर खेळले. तेव्हापासून सम नंबरच्या राउंडला कोर्टं अदलाबदल करतो. तक्त्याला त्यानं काही फरक पडत नाही, कोण कुणाबरोबर एवढंच त्याला माहीत असतं.

## "एवढ्या वेळी आम्हाला एकत्र खेळू दे ना"

ही विनंती दर रविवारी कुणीतरी करतंच, आणि इथंच तक्ता मोडतो. पहिल्या राउंडला २ आणि १ ची अदलाबदल केली, ८-२ विरुद्ध १-४, एवढंच. आता दुसऱ्या राउंडला परत ८-२ आहेत आणि १-४ पण आहेत. दोन जोड्या दोनदा लागल्या, आणि ८-१ व २-४ ह्या जोड्या पूर्ण तक्त्यात कधीच येणार नाहीत. शिवाय ८ च्या समोर १ तीनदा आणि २ एकदाच. एका अदलाबदलीत इतकं. म्हणून आमच्यात आता असं ठरलंय की हौसेची जोडी लावायची असेल तर सात राउंड झाल्यावर, उरलेल्या वेळात.

परवाच्या रविवारी सात राउंड पूर्ण झाले, आठ वाजून पाच मिनिटांनी. बाहेर पायरीवर भडंगाची पिशवी फोडली होती आणि वहिनी तक्त्याच्या कागदावर पेन्सिलीनं आपल्या नावापुढच्या फुल्या मोजत होत्या. डॉक्टर दोन, सर दोन. "सरांचा ड्रॉप मला माहीतच नव्हता ओ," म्हणाल्या, "दोन्ही वेळा फसले."